एकाच वॉर्डात पाच जणांच्या रक्तात एकच जंतू: उगम शोधायचा कसा?

निशापाळी
मी इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर आहे. आमच्या तीस खाटांच्या सर्जिकल वॉर्डात तीन आठवड्यांत पाच रुग्णांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये बर्कहोल्डेरिया सेपेशिया निघाला. लॅबचं रजिस्टर मागे चाळलं तर मागच्या अख्ख्या वर्षात हा जंतू फक्त एकदा सापडलाय. म्हणजे हा योगायोग नाही, एवढं आम्हाला कळलं.

केसची व्याख्या अशी केलीय: "या महिन्यात सर्जिकल वॉर्डात दाखल, सेंट्रल लाईन म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी असलेला, आणि दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर रक्तात हा जंतू मिळालेला रुग्ण." तारखांचा आलेख काढला तर दर सोमवारी-मंगळवारी टोक येतं. त्यावरून वरिष्ठांचा संशय शनिवार-रविवारच्या ड्यूटीवर आहे. एक सर्जन म्हणतात बेसिनचा नळ. ट्रॉल्या, सलाईन, हात, नळ, सगळंच डोळ्यांसमोर फिरतंय. सुरुवात कुठून करू?

झणझणीत
मी सर्जरीचा रेसिडेंट आहे. तुमचा रिपोर्ट नीट बघा, कोलिस्टिनलाही दाद देत नसेल. म्हणजे शेवटचं औषधही गेलं, हा सुपरबग आहे. हातांवरूनच पसरतोय. पाचही जणांना वेगळं काढा आणि आजच वॉर्डातल्या प्रत्येक वस्तूचे स्वॅब घ्या: बेड, नळ, मॉनिटर, सिस्टरांचे हात. कुठे ना कुठे सापडेलच.

पेट्री
डॉक्टर, कोलिस्टिनला हा जंतू मुळातच दाद देत नाही, अमिनोग्लायकोसाइड्सनाही बहुधा नाही. ती त्याची जन्मजात खोड आहे, वॉर्डात कमावलेली नाही. कोट्रायमॉक्साझोल, सेफ्टाझिडीम, मेरोपेनेम यांपैकी काहीतरी बरेचदा चालतं. उलट ही खोड आम्हाला ओळख पटवायला उपयोगी पडते. मशीनने नाव सेपेशिया दिलं आणि कोलिस्टिन लागू पडतंय असं दिसलं, तर मी आधी नावावरच शंका घेईन.

हात पूर्ण सोडून देऊ नका, पण हा जंतू ओल्याचा आहे. १९५० साली त्याचं पहिलं वर्णन झालं ते कांदा सडवणारा म्हणून. पाण्यात, पातळ औषधांत, आणि गंमत म्हणजे जंतुनाशकांतसुद्धा तो तग धरतो. २०१६ मध्ये अमेरिकेत डोक्युसेट या पातळ रेचकातून, २०२१ मध्ये अल्ट्रासाऊंडच्या जेलमधून तो रुग्णांपर्यंत पोचला होता. त्यामुळे 'कोणाच्या हातावर?' याआधी 'कुठल्या बाटलीत?' हा प्रश्न मी विचारेन.

आणि त्याच्याही आधीचा प्रश्न: सिस्टर, ही माणसं खरंच आजारी होती का? कल्चर घेण्याआधी ताप, थंडी होती का? रक्त काढताना त्वचा पुसायचं द्रावण किंवा कल्चर बाटलीचं बूच पुसायचा बोळाच दूषित असेल, तर जंतू बाटलीत येतो, रुग्णाच्या रक्तात तो नसतोच. असे खोटे उद्रेक या जंतूचे पूर्वी झालेत, पोव्हिडोन आयोडीनमुळेही. केसपेपर काढून प्रत्येकाच्या तापाची वेळ लिहा.

टक्केटोणपे
साथरोगशास्त्र हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून व्याख्येवर बोलतो. त्यातून 'सेंट्रल लाईन' आजच काढून टाका. ज्याच्यावर संशय आहे तीच गोष्ट व्याख्येत घातली की सगळ्या केसेसना ती असणारच, आणि मग तुम्ही आनंदाने जाहीर करणार की शंभर टक्के रुग्णांना सेंट्रल लाईन होती. व्याख्येत माणूस, जागा, काळ आणि लॅबचा निकाल एवढंच ठेवा.

४८ तासांची अटही काढा. नेहमीच्या नोंदींसाठी ती ठीक आहे. पण जंतू सलाईनमधून थेट शिरेत जात असेल तर ताप काही तासांत येऊ शकतो, आणि दाखल होऊन तीस तास झालेला रुग्ण तुमच्या जाळ्यातून निसटतो. सुरुवातीला जाळं मोठं टाका, नंतर आवळा.

तिसरं, आलेखावर कुठली तारीख टाकलीय? रिपोर्टची असेल तर तो आलेख लॅबच्या कामाच्या वारांचा आहे.

ओसरी
मला यातलं फार कळत नाही, पण वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांना ऑपरेशननंतर लघवीत क्लेब्सिएला निघाला. दोन आठवडे वाढले, बिल वाढलं ते वेगळंच. म्हणजे तिथेही असाच उद्रेक होता आणि आमच्यापासून लपवला, असंच ना? तक्रार करायला हवी होती का?

पेट्री
ओसरी, एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. लघवीची नळी असलेल्या रुग्णात क्लेब्सिएला निघणं नेहमीचं आहे, बरेचदा तो रुग्णाच्याच आतड्यातला असतो. 'नेहमीपेक्षा जास्त' दिसलं तर उद्रेकाची शंका येते, आणि एका रुग्णावरून ते कळत नाही. तुम्हाला जे विचारता आलं असतं ते हे: नळी किती दिवस ठेवली आणि ती रोज लागतच होती का? त्याचं उत्तर मागायचा हक्क होता तुमचा.

निशापाळी
केसपेपर घेऊन बसले होते. लॅबकडून जंतूच्या नावाने पूर्ण यादी काढली, वॉर्ड न बघता. सेंट्रल लाईन आणि ४८ तास काढल्यावर पाचाचे नऊ झाले. वाढलेल्या चारांत एकाला तापानंतर आयसीयूत हलवलं होतं म्हणून तो आयसीयूच्या खात्यावर पडला होता. एक खरंच तीस तासांतला. चौघांनाही ताप किंवा कल्चरच्या वेळी सेंट्रल लाईन नव्हती, हातावरची कॅन्युला फक्त.

पेट्री, तुमची शंकाही रास्त निघाली. नवापैकी दोघांना ताप नव्हताच. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून ऑपरेशनआधी कल्चर पाठवलं होतं. औषध न देताही दोघे ठणठणीत घरी गेले. बाकी सातांना थंडी वाजून ताप आला, मग कल्चर. त्या सातांची तापाची सुरुवात मांडली:

```
            सो  मं  बु  गु  शु  श   र
आठवडा १     .   .   .   १   १   .   .
आठवडा २     .   .   .   .   १   २   .
आठवडा ३     .   .   .   १   .   १   .
```

गुरुवार-शनिवारचा ताप, शनिवार-रविवार लॅबमधून रिपोर्ट सुटत नाहीत, म्हणून सगळं सोमवार-मंगळवारी. शनि-रविच्या सिस्टर उगाच बोलणी खात होत्या.

टक्केटोणपे
झकास. आता तापवाले सात म्हणजे पक्क्या केसेस, बिनतापाचे दोन वेगळ्या यादीत ठेवा. फेकू नका, ते पुढे साक्षीदार म्हणून लागतील.

आलेख बघून काय दिसतं? सगळ्यांनी एकदाच काही घेतलं असतं तर एकच उंचवटा येऊन ओसरला असता. माणसाकडून माणसाकडे गेलं असतं तर वाढत जाणाऱ्या लाटा दिसल्या असत्या, त्याही अशा कोऱ्या चार दिवसांशिवाय. इथे एखादा सामाईक उगम मधूनमधून उघडमीट करतोय असं वाटतं. पण सात ठिपक्यांवर मी पैज लावणार नाही.

शोधायचं ते हे: आठवड्यात एकदाच होणारं काय आहे? बाटली बदलणं, द्रावण बनवणं, टाकी धुणं, काहीही.

झणझणीत
सोपं आहे. आमच्याकडे मोठ्या सर्जरी मंगळवार-बुधवारी असतात, सिस्टरांच्याकडेही असतील. गुरुवारपासून वॉर्डात ताजे ऑपरेशनवाले, म्हणून गुरुवारपासून ताप. ना बाटली ना टाकी.

टक्केटोणपे
हा मुद्दा चांगला आहे, आणि तो सहजासहजी खोडता येणार नाही. सिस्टर, आलेखाच्या खाली रोज वॉर्डात आयव्हीवर किती रुग्ण होते ते लिहा. सोमवारी-मंगळवारी जवळजवळ कोणीच नसेल तर डॉक्टर बरोबर. निम्मे तरी असतील तर कोरे दिवस नुसत्या ऑपरेशनांनी समजावता येत नाहीत.

खलबत्ता
फार्मसीतून. सगळे औषधांच्या मागे लागण्याआधी एक विचारतो: फ्लशसाठी, म्हणजे लाईन धुऊन मोकळी ठेवायला, सलाईन कुठून घेता? दहा मिलीचे सुटे अँप्यूल की टेबलावरची ५०० मिलीची बाटली, बुचात सुई खोचलेली? अँटिबायोटिकची पावडर कशात विरघळवता? कागदावर कुठेच न लिहिलेलं औषध म्हणजे फ्लश. रुग्णाच्या चार्टवर त्याची ओळही नसते, म्हणून चार्ट चाळणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

निशापाळी
खलबत्ता, दिवसभर वॉर्डात नुसती उभी राहिले, काही न बोलता. चार्टमध्ये नसलेलं सगळं दिसलं.

दोन औषध ट्रॉल्या आहेत, डाव्या रांगेची अ, उजव्या रांगेची ब. दोन्हींवर तुम्ही म्हणता तशी ५०० मिलीची बाटली, सुई खोचलेली. फरक असा की ब ट्रॉलीवर स्टीलच्या बरणीत जंतुनाशकात भिजवलेले कापसाचे बोळे असतात. बाटलीचं बूच, लाईनचं तोंड, कधी रक्त काढायच्या आधी त्वचासुद्धा त्यानेच पुसतात. अ वर पाकिटातले स्पिरिट स्वॅब वापरतात, कारण तिथल्या सिस्टरला कापसाचे धागे आवडत नाहीत. बरणीतलं द्रावण रविवारी नवं करतात: कॅनमधलं क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक, नळाच्या पाण्यात पातळ करून. बरणी 'धुतात' म्हणजे विसळतात. आठवडाभर कमी पडलं की वरून ओततात.

आयव्हीवरचे रुग्ण सोमवार-मंगळवारी गुरुवारच्या साधारण दोन तृतीयांश होते. झणझणीत, तुमचं कारण थोडं खरं, पूर्ण नाही.

पेट्री
अंगावर काटा आला. क्वाटर्नरी अमोनियम या जंतूला फारसं मारक नाही, आणि कापूस त्यातला असर आणखी शोषून घेतो. विसळलेल्या बरणीच्या आतल्या थरात तो टिकतो, रविवारी नवं द्रावण आलं की संख्या खाली, मग दिवसागणिक वर. तुमच्या गुरुवार-शनिवारशी ते जुळतं. जुळतं म्हणतेय, सिद्ध झालं म्हणत नाही.

बरणी कुणी धुऊ नका. त्यातलं द्रावण, बोळे, वापरातली फ्लशची बाटली, नळाचं पाणी आणि सीलबंद कॅन, सगळं लॅबला पाठवा. लॅबला बजावून सांगा की जंतुनाशकाचा असर मारणारं न्यूट्रलायझर घाला, नाहीतर प्लेटवर काहीच उगवणार नाही आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. पाण्यासारखे पातळ नमुने १०० मिली तरी गाळून घ्या, एका थेंबावर निष्कर्ष नको.

म्हणूनच मला सुरुवातीला सगळीकडे स्वॅब नको वाटत होते. बेसिनच्या जाळीत काही ना काही सापडतंच, मग अख्खा वॉर्ड नळ बदलत बसतो.

खलबत्ता
आणि निकालाची वाट बघत बसू नका. सामाईक बाटली आणि बरणी आजच बंद करा, सुटे अँप्यूल आणि पाकिटबंद स्वॅब द्या. यासाठी पुरावा पुरेसा आहे.

निशापाळी
नमुने घेऊन झाल्यावर त्याच संध्याकाळी दोन्ही बंद केलं. इन्चार्ज सिस्टरांनी मात्र घाबरून आदल्या दिवशीच ब ट्रॉली पुसून बाटली फेकली होती, त्यामुळे तपासली ती नवी उघडलेली बाटली.

टक्केटोणपे, प्रत्येक केसला तीन कंट्रोल घेतले, म्हणजे तुलनेसाठी हा जंतू न निघालेले रुग्ण: त्याच दिवशी वॉर्डात, आयव्हीवर, निदान तेवढेच दिवस राहिलेले. ब ट्रॉलीच्या रांगेत सातांपैकी सहा केसेस, एकवीसांपैकी नऊ कंट्रोल. सेंट्रल लाईन सातांपैकी चारांना, कंट्रोलमध्ये पाचांना.

टक्केटोणपे
ऑड्स रेशो, म्हणजे कंट्रोलच्या तुलनेत केसेसशी संबंध किती घट्ट, तो ट्रॉलीचा ८, सेंट्रल लाईनचा ४ च्या आसपास. सेंट्रल लाईनवाल्यांना फ्लश जास्त वेळा होतो, म्हणून तिचं वर येणं साहजिक आहे. तो वेगळा गुन्हेगार नसावा, जास्त डोस मिळाल्याचं चिन्ह असावं. पण ८ बघून हुरळू नका, फिशर टेस्टचा पी, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, साधारण ०.०८ येतो. सात केसेसमध्ये याहून फार मिळत नाही.

निशापाळी
तेच सांगणार होते. अ रांगेतला जो एकटा केस आहे, त्याला रात्री दोनचा डोस होता. रात्री एकच सिस्टर असते आणि ती सगळ्या वॉर्डाला ब ट्रॉलीच फिरवते! म्हणजे सातही ब चेच. तसं धरलं तर?

झणझणीत
मग ७ पैकी ७ विरुद्ध २१ पैकी ९. मी काढलं, पी ०.०१. संपला विषय, रिपोर्ट लिहा.

टक्केटोणपे
थांबा. रात्रीचा डोस फक्त केसचा शोधला, कंट्रोलचा शोधलाच नाही. अ रांगेतल्या कंट्रोलनाही रात्री डोस मिळाले असतीलच. नियम बदलला की दोन्ही बाजूंना बदलायचा. सिस्टर, त्या बारा कंट्रोलचे रात्रीचे चार्ट बघाल?

निशापाळी
बघितले. बारांपैकी चौघांना रात्रीचा डोस होता.

टक्केटोणपे
म्हणजे ७ पैकी ७ विरुद्ध २१ पैकी १३. पी ०.०७. होतं तिथेच आलं. डॉक्टरांच्या हिशेबात ०.०८ चं ०.०१ झालं ते फक्त एका बाजूला जास्त खोदल्यामुळे. रिपोर्टमध्ये हाच आकडा लिहा आणि सोबत लिहा की केसेस सातच आहेत. नुसत्या आकड्यांवर हा खटला उभा राहणार नाही, लॅबचा पुरावा हवा.

निशापाळी
लॅबचे निकाल आले. बरणीतलं द्रावण आणि बोळे: भरपूर सेपेशिया. नवी बाटली: काही नाही. नळाचं पाणी: काही नाही. सीलबंद कॅन: काही नाही. रक्तातले जंतू जनुकीय ठशासाठी पाठवले. सातांपैकी सहा आणि बिनतापाचे दोन्ही बरणीशी तंतोतंत जुळले. सातवा लॅबने प्लेटसकट टाकून दिला होता. आणि तो नेमका अ रांगेतला.

सामाईक बाटली आणि बरणी बंद केल्यापासून नवी केस नाही.

पेट्री
बिनतापाचे दोघे जुळले याचा अर्थ लावा: बरणीचा बोळा रक्त काढताना त्वचेवर किंवा कल्चरच्या बुचावर लागला असणार. ते खोटे पॉझिटिव्ह, पण उगम तोच. सातांना मात्र कल्चरच्या आधीच थंडी-ताप होता, त्यांच्यात जंतू शिरेतून गेला. बूच पुसलं, सुई खोचली, बाटलीत शिरला, तिथून फ्लशमधून आत, हा माझा अंदाज. जुनी बाटली फेकल्यामुळे तो मधला दुवा सिद्ध करता येणार नाही. बोळ्याने थेट लाईनचं तोंड पुसल्यामुळेही काही झाले असतील.

झणझणीत
मग बाटली दोषी की बरणी?

टक्केटोणपे
दोन्ही एकाच संध्याकाळी बंद केल्या, त्यामुळे 'बंद केल्यावर थांबलं' यावरून ते वेगळं काढता येत नाही. ते करायलाच हवं होतं, पण त्याची ही किंमत आहे. शिवाय आठवड्याला दोन-तीन केसेस होत्या, त्यामुळे एखादा कोरा आठवडा नशिबानेही जाऊ शकतो. मी निदान चार-पाच आठवडे लक्ष ठेवेन.

खलबत्ता
माझा अडलेला प्रश्न वेगळा आहे. बरणीत तो आला कुठून? नळाच्या पाण्यातून, की कॅनमधूनच? एक सीलबंद कॅन कोरा आला म्हणजे कंपनी निर्दोष ठरत नाही, वेगळ्या लॉटचा असू शकतो. पहिल्या आठवड्यात वापरलेल्या कॅनचा लॉट नंबर आणि तपासलेल्याचा एकच आहे का? कॅनमधलं असेल तर तो लॉट ज्या कुठल्या वॉर्डात गेलाय तिथे हेच चालू असेल, आणि मग औषध नियंत्रकांना कळवावं लागेल.

निशापाळी
रजिस्टरमध्ये कॅन उघडल्याची तारीख आहे, लॉट नंबर नाही. रिकामा कॅन भंगारात गेला. स्टोअरमध्ये आणखी तीन सीलबंद आहेत, दोन वेगवेगळ्या लॉटचे. तिन्ही बाजूला काढून ठेवलेत.

पेट्री
तिन्ही पाठवा, न्यूट्रलायझरसकट, आणि प्लेट्स नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवायला सांगा. नळाचं पाणीही पुन्हा घ्या, रविवारी सकाळी पहिला नळ सोडल्यावर, कारण द्रावण तेव्हाच बनतं. मागचा नमुना दुपारी घेतलेला होता ना?

निशापाळी
हो, दुपारचाच. या रविवारी सकाळी जाते.